नोटीस बदलली, पुरावा कुठे आहे?

आपल्या चळवळीत कागद जपण्याची परंपरा आहे. प्रत्येक वस्तीत एखादा तरी कार्यकर्ता असतो, ज्याच्या घरी लोखंडी कपाटात तीस वर्षांची निवेदने, पोचपावत्या आणि शासन निर्णयांच्या झेरॉक्स लावून ठेवलेल्या सापडतात. पण आता नोटीस फलकावर लागत नाही, ती वेबसाईटवर लागते. फी किती, शेवटची तारीख कोणती, कोणाला सवलत आणि कोणाला नाही, हे सगळे एका पानावर असते. ते पान सकाळी एक बोलते आणि संध्याकाळी दुसरेच. कागदाच्या नोटिशीवर खाडाखोड केली तर ती दिसते. वेबपानावरची खाडाखोड दिसत नाही. म्हणून या पानाचा पुरावा कसा ठेवायचा, हा प्रश्न मी तांत्रिक मानत नाही. हक्काच्या लढाईतला हा रोजचा प्रश्न आहे.

आधी इतिहासातले एक उदाहरण. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक त्या तळ्यावर गेले. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला तो ठराव मागे घेतला. म्हणजे नोटीस बदलण्याचा खेळ जुनाच आहे. पण ठराव मागे घेतला तरी तो झालाच नव्हता असे कोणाला म्हणता आले नाही, कारण तो लिहिलेला होता आणि मागे घेण्यासाठीही दुसरा ठराव लिहावा लागला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. अनादी काळापासून अस्पृश्यांना वगळण्याची रूढी आहे असा सवर्णांचा दावा होता. ती रूढी त्यांना पुराव्याने सिद्ध करता आली नाही, आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षांची ती लढाई शेवटी कोण काय सिद्ध करू शकते यावर ठरली. आजचे वेबपान मात्र दुसरा ठराव न लिहिताच पहिला पुसून टाकते.

आता माझ्या कामातले प्रकरण सांगते. कॉलेजचे नाव देत नाही, कारण मुद्दा एका कॉलेजचा नाही, आणि ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती अजून तिथेच शिकते.

ऑगस्ट 2024 मधली गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या आपल्या एका मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. ती अनुसूचित जातीची, घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र. अशा विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. पण कॉलेजच्या वेबसाईटवर फीचे पान होते आणि त्याखाली सूचना होती की, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांनीही 18,500 रुपयांचा पहिला हप्ता भरल्याशिवाय प्रवेश निश्चित होणार नाही. शेजारी एक पीडीएफ नोटीस जोडलेली होती, तारीख 22 जुलै. सोमवारी 5 तारखेला रात्री तिने मोबाईलवर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिले होते, "ताई, बाबा म्हणतात एवढे पैसे उद्यापर्यंत कुठून आणायचे?"

तो स्क्रीनशॉट नीट पाहिला तेव्हा त्याची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही समोर आले. मजकूर स्वच्छ दिसत होता, 18,500 हा आकडाही दिसत होता. पण वर मोबाईलच्या पट्टीत फक्त वेळ होती, 9:41. तारीख नव्हती. ब्राउझरच्या पट्टीत वेबसाईटचे नाव होते, पण पानाचा पूर्ण पत्ता नव्हता, कारण मोबाईलच्या छोट्या पडद्यावर तो कापला जातो. लांब स्क्रोल करून काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तर पत्त्याची पट्टी बहुतेक वेळा येतच नाही. तिच्या फोनमध्ये मूळ फाईलचे नाव `Screenshot_20240805-214107.png` असे होते, म्हणजे नावातच तारीख आणि वेळ होती. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून माझ्याकडे आल्यावर ते नाव गेले, चित्र दाबून लहान झाले आणि त्यातली आतली माहिती गळून पडली. म्हणून तिला पहिला निरोप दिला तो असा: मूळ फाईल फोनमधून काढू नकोस, कापू नकोस, तिच्यावर लाल गोल काढू नकोस, आणि मला फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव.

तरीही स्क्रीनशॉटचे मूळ दुखणे उरतेच. कॉम्प्युटरवर कोणतेही पान उघडून `F12` दाबले की त्यातला आकडा पडद्यावर बदलता येतो. 18,500 चे 1,850 करा किंवा 81,500 करा, आणि मग स्क्रीनशॉट काढा. चित्रात कुठेही छेडछाड दिसणार नाही, कारण चित्रात काही बदललेलेच नाही, चित्र काढण्याआधी पान बदलले आहे. हे शिकायला पाच मिनिटे पुरतात. समोरच्या वकिलालाही हे माहीत असते. तेव्हा "स्क्रीनशॉट आहे ना!" म्हणून निश्चिंत बसणे चालत नाही.

मंगळवारी सकाळी मी लॅपटॉपवर ते पान उघडले आणि जतन केले. क्रोममध्ये `Ctrl+S` दाबल्यावर खाली `Save as type` मध्ये तीन पर्याय येतात. `Webpage, HTML Only` घेतले तर चित्रे येत नाहीत, आणि फीचा तक्ता स्क्रिप्टमधून भरला जात असेल तर तोही रिकामा राहू शकतो. `Webpage, Complete` घेतले तर एक फाईल आणि सोबत एक फोल्डर तयार होते. दोन्हींची ताटातूट झाली की पान मोडते. मी `Webpage, Single File` निवडते. त्यात मजकूर आणि चित्रे एकाच `.mhtml` फाईलमध्ये येतात. अँड्रॉइड मोबाईलवर क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूमध्ये खाली जाणाऱ्या बाणाचे चिन्ह असते. ते दाबले तरी पान असेच जतन होते. लॅपटॉप नाही म्हणून अडायचे कारण नाही.

ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. सुरुवातीला अशा ओळी दिसतात (पत्ता मी बदलला आहे):

```
From: <Saved by Blink>
Snapshot-Content-Location: https://college.example/admission/fees
Subject: Fee Structure
Date: Tue, 6 Aug 2024 02:40:22 -0000
MIME-Version: 1.0
```

स्क्रीनशॉटमध्ये जे नव्हते ते इथे आहे. पानाचा पूर्ण पत्ता आहे आणि सेकंदापर्यंत वेळ आहे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे 8 वाजून 10 मिनिटे. खाली गेल्यावर मराठी मजकूर `=E0=A4` अशा चिन्हांत दिसतो, त्याने घाबरू नये. तीच फाईल क्रोममध्ये उघडली की मराठी नीट वाचता येते. त्यातला मजकूर शोधता येतो, उतरवून घेता येतो, आणि कोणत्या शब्दामागे कोणती लिंक होती तेही दिसते.

पण जतन केलेले पान म्हणजे देवाची साक्ष नाही. एक तर ती वेळ माझ्या लॅपटॉपच्या घड्याळाची आहे. घड्याळ मागे केले तर वेळही मागे जाते. दुसरे, ही साधी मजकुराची फाईल आहे. नोटपॅडमध्ये आकडा बदलून पुन्हा सेव्ह करणे चित्र बदलण्यापेक्षाही सोपे. तिसरे, त्या पानावर जोडलेली पीडीएफ या फाईलमध्ये येत नाही, फक्त तिचा पत्ता येतो. ती वेगळी उतरवून घ्यावी लागते. मी ती तेव्हाच घेतली आणि पुढे सगळे तिच्यावरच ठरले.

मग स्क्रीनशॉट आणि जतन केलेले पान यांत मोठे कोण? माझे मत असे की ही दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. माणसाने काय पाहिले, याचे उत्तर स्क्रीनशॉट देतो. सूचना लाल अक्षरात होती की तळाला बारीक अक्षरात, पान उघडताच समोर खिडकी आली का, "आता पैसे भरा" हे बटण किती ठळक होते, हे चित्रातच कळते. जतन केलेल्या पानात अशा खिडक्या आणि सरकणाऱ्या पट्ट्या अनेकदा मोडून जातात. लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या पानासाठी, म्हणजे त्या मुलीच्या नावासमोर दिसणाऱ्या थकीत रकमेसाठी, तर स्क्रीनशॉट हाच पहिला आधार. पानात नेमके काय लिहिले होते आणि ते कोणत्या पत्त्यावर होते, याचे उत्तर जतन केलेले पान देते. दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा वजन येते. मुलीचा रात्रीचा स्क्रीनशॉट आणि माझी सकाळची फाईल, दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या वेळी घेतलेल्या, आणि दोन्हींत तेच वाक्य. खोटे ठरवायचे तर आता दोघींना खोटे ठरवावे लागेल.

तरीही दोघी एकाच बाजूच्या. म्हणून तिसरा साक्षीदार लागतो, ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही. तो म्हणजे इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन. `web.archive.org/save` इथे पानाचा पत्ता टाकला की त्यांचा सर्व्हर स्वतः त्या वेबसाईटवर जातो, पान उचलतो आणि आपल्याकडे ठेवतो. त्या प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे असतात. आमच्या प्रतीत `20240806024805` असे होते. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, तेही जागतिक वेळेत. आपल्या वेळेने 8 वाजून 18 मिनिटे. हे घड्याळ माझे नाही आणि ही प्रत मला बदलता येत नाही. पीडीएफचा पत्ता त्यात वेगळा टाकावा लागतो, तो मी टाकला. मर्यादा इथेही आहेत. लॉगिनमागची पाने त्याला दिसत नाहीत, त्यामुळे महाडीबीटीवरच्या आपल्या अर्जाची स्थिती अशी जपता येत नाही. काही वेबसाईट त्याला आत येऊ देत नाहीत. काही वेळा प्रत निघते पण तक्ता रिकामा असतो. म्हणून प्रत झाली असा संदेश आल्यावर ती उघडून आकडा दिसतो की नाही हे डोळ्यांनी पाहायचे.

शेवटचे काम पाच मिनिटांचे. फाईल नंतर बदललेली नाही हे दाखवायला तिचा हॅश काढून ठेवायचा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर:

```
certutil -hashfile fees.mhtml SHA256
```

यातून 64 अक्षरांची एक ओळ मिळते. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. मी त्या ओळी आणि फाईली त्याच सकाळी ईमेलने त्या मुलीला, तिच्या वडिलांना आणि एका वकील मित्राला पाठवल्या. त्या ईमेलची तारीख माझ्या हातात राहत नाही. चार जणांच्या पेटीत ती बसते. त्या दिवशी या फाईली अस्तित्वात होत्या आणि त्यानंतर बदलल्या नाहीत, एवढे यातून ठरते. मूळ पानावर खरोखर तेच होते का, हे मात्र हॅश सांगत नाही. त्यासाठी तिसरा साक्षीदारच लागतो.

7 ऑगस्टला समाज कल्याण कार्यालयात अर्ज दिला, पोचपावती घेतली. अर्जाला पानाची छापील प्रत जोडली. छापताना `Headers and footers` वर खूण ठेवली की कागदावर तारीख आणि पानाचा पत्ता आपोआप येतो. अधिकाऱ्याला हातात कागद लागतो, हे विसरून चालत नाही. काही दिवसांनी कॉलेजचा प्रतिनिधी म्हणणे मांडायला आला. तोवर वेबसाईटवरचे वाक्य बदलले होते. आता तिथे होते की, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना पहिल्या हप्त्यातून सूट आहे. पीडीएफही तीच, त्याच नावाची, त्याच पत्त्यावर आणि वर तीच 22 जुलै तारीख. प्रतिनिधी शांतपणे म्हणाले, "आमची नोटीस पहिल्यापासून अशीच आहे. हल्ली मोबाईलवर काहीही बनवता येतं."

त्या मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या लेकीला खोटारडी ठरवले जात होते. आपल्या लोकांच्या तक्रारीबाबत हे नेहमीचे आहे. आधी म्हणतात की असे घडलेच नाही, मग म्हणतात की तुम्हीच बनवले.

आम्ही आवाज चढवला नाही. साहेबांच्या कॉम्प्युटरवर वेबॅक मशीनची 6 ऑगस्टची प्रत उघडली. त्याच पत्त्यावर 18,500 चे वाक्य समोर आले. मग दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवल्या आणि त्यांचे गुणधर्म उघडले. आम्ही 6 ऑगस्टला उतरवलेल्या फाईलमध्ये तयार झाल्याची तारीख 22 जुलै होती. वेबसाईटवरच्या नव्या फाईलमध्ये ती 9 ऑगस्ट होती, म्हणजे आमच्या अर्जानंतर दोन दिवसांनी. कागदावर 22 जुलै छापलेले, पण फाईल जन्मली 9 ऑगस्टला. इथे मी एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट केली. ही आतली तारीख ज्याच्या कॉम्प्युटरवर फाईल बनली त्याच्या घड्याळाची असते, आणि जुना कागद पुन्हा स्कॅन केला तरी नवी तारीख येते. म्हणून केवळ तेवढ्यावरून आमचा दावा नव्हता. पण पुन्हा स्कॅन केल्याने कागदावरचे वाक्य बदलत नाही, आणि इथे वाक्य बदलले होते. प्रतिनिधी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की टंकलेखनातली चूक दुरुस्त केली असावी. अधिकाऱ्यांनी लेखी खुलासा मागितला. मुलीचा प्रवेश हप्ता न घेता कायम झाला. ज्यांनी आधीच हप्ता भरला होता त्यांची यादी सादर करायला कॉलेजला सांगितले गेले. "पहिल्यापासून अशीच होती" हे वाक्य टिकले असते, तर त्या यादीचा प्रश्नच निघाला नसता. ज्यांनी व्याजाने पैसे काढून हप्ता भरला, त्यांनी तो कोणाच्या सांगण्यावरून भरला हे कोणी विचारले नसते.

प्रकरण न्यायालयात गेले तर यापुढची पायरी लागते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत, एक प्रत सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅशची ओळ भरायची असते. जुन्या कायद्यात हेच काम कलम 65ब करत होते. जालना विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले की, प्रत द्यायची तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी. म्हणून ज्या फोनवर स्क्रीनशॉट काढला तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. तज्ज्ञाच्या भागासाठी वकिलाची मदत लागतेच, पण हॅश पहिल्याच दिवशी काढलेला असेल तर त्यांचे काम अर्ध्यावर येते.

एक सावधानता आपल्याच लोकांसाठी. लॉगिन केलेल्या पानाच्या स्क्रीनशॉटमध्ये मुलीचे नाव, मोबाईल क्रमांक, आधारचे आकडे, जातीच्या दाखल्याचा क्रमांक असे सगळे असते. असे चित्र रागाच्या भरात गटांवर टाकू नका. गटासाठी झाकलेली वेगळी प्रत करा, मूळ फाईल कोणी हात न लावता राहू द्या.

राहिला प्रश्न, हे ओझे कायम आपणच का वाहायचे? रात्री नऊला हप्त्याची धास्ती घेतलेल्या मुलीने चौदा आकड्यांचा हिशेब का ठेवायचा? नोटीस दुरुस्त करायला आमचा विरोध नाही. चुकीची नोटीस दुरुस्त झालीच पाहिजे. पण शासन स्वतः आपल्या निर्णयात चूक झाली की शुद्धिपत्रक काढते. त्यावर नवी तारीख असते आणि मूळ निर्णयाचा उल्लेख असतो. सार्वजनिक पैशातून शिष्यवृत्तीची रक्कम घेणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या वेबसाईटला हाच नियम लागू करा. जुनी नोटीस काढू नका, तिच्याखाली नवी लावा, आणि कधी बदलली ते लिहा. फीच्या आणि सवलतीच्या प्रत्येक सूचनेला क्रमांक द्या. समाज कल्याण विभागाने प्रवेशाच्या हंगामाआधी एका परिपत्रकाने एवढे सांगितले तरी पुरे. आपापल्या जिल्ह्यातून ही मागणी लेखी द्या आणि पोचपावती घ्या. ते परिपत्रक निघेपर्यंत सूचना दिसली की त्याच दिवशी स्क्रीनशॉट, जतन केलेले पान, जोडलेली पीडीएफ आणि अर्काइव्हची प्रत, या चार गोष्टी आपल्या हातात असायला हव्यात.

जय भीम!